साबुदाणा नाही, नायलॉन चालेल?

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री नऊ वाजता कोथरूडमधलं एखादं घर फोनवर उपासाची यादी भरत आहे असं धरू. अर्धा किलो साबुदाणा, शेंगदाणे, सैंधव, रताळी, दही. पैसे भरून झाले, पिशवी निघणार तेवढ्यात फोन वाजतो. ‘साबुदाणा नाहीये, नायलॉन साबुदाणा आहे. टाकू का?’ उत्तराला फार तर अर्धा मिनिट असतो.

ॲपवर दिसणारी वस्तू रॅकवर नसते, याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. माल येतो तो ‘डार्क स्टोअर’मधून, म्हणजे गिऱ्हाईक कधीच पाऊल ठेवत नाही अशा छोट्या गोदामातून. तिथला पिकर हातातल्या यंत्रावर रॅक आणि खण बघतो, वस्तू उचलतो, बारकोड स्कॅन करतो. ॲप मात्र रॅककडे बघत नाही, नोंदीकडे बघतं. नोंदीत ‘शिल्लक २’ असतं, पण त्यातलं एक पाकीट फुटलेलं असतं आणि दुसरं चुकून रव्याच्या खणात गेलेलं. सणाच्या आदल्या रात्री तर एकाच पाकिटावर दोघांनी पैसे भरलेले असण्याचीही शक्यता असते. पिकर ‘सापडलं नाही’ असं बटण दाबतो, तेव्हा कुठे नोंद खरी होते.

पुढे दोन वाटा असतात: वस्तू रद्द करून पैसे परत, किंवा बदली वस्तू. अमेरिकेतल्या ‘इन्स्टाकार्ट’वर प्रत्येक वस्तूसाठी बदली कोणती चालेल, की नकोच, हे ऑर्डर देतानाच सांगून ठेवता येतं. आपल्याकडे दहा-वीस मिनिटांच्या घाईत बहुधा वस्तू थेट रद्द होते. कधी फोन येतो, आणि प्रश्न येतो तो पिकरच्या नजरेतून. त्याला दिसतो शेजारचा खण. वस्तू कशासाठी हवी आहे, ते त्याला कसं कळणार?

नायलॉन साबुदाणा नावाने साबुदाणाच असला तरी तो तळून चिवडा करण्यासाठी असतो. नेहमीच्या साबुदाण्यासारखा तो भिजवून मोकळी खिचडी होत नाही. त्यामुळे इथे ‘नको’ हेच उत्तर, आणि लगेच दुसरा प्रश्न: भगर आहे का? भगर दिसायला साबुदाण्याच्या जवळपासही नाही, पण उद्याच्या ताटात तीच त्याची जागा घेते. शेंगदाण्यांऐवजी खारे दाणे सुचवले तर तेही नकोत. कूट खारट होईल, आणि सैंधव मागवणाऱ्या घरात साध्या मिठाचे दाणे उपासाला चालणार नाहीत. शेंगदाण्यांची कंपनी बदलली तर मात्र खुशाल घ्यावेत.

दुधातही असंच फसायला होतं. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३. चहाला फरक पडत नाही. बासुंदीसाठी टोन्ड आलं, तर तेवढंच दूध आटवूनही भांड्यात कमी उरतं आणि दाटपणाही येत नाही.

अर्ध्या किलोऐवजी एक किलोचं पाकीट देऊ केलं, तर आधी किलोमागचा दर बघावा. मोठं पाकीट स्वस्त पडतंच असं नाही. शिवाय नको असलेलं अर्धा किलो घरात पडून राहणार.

विचारलंच नाही आणि बदली वस्तू पिशवीत आली तर? ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार खरेदीची संमती ग्राहकाने स्वतः, स्पष्टपणे द्यावी लागते. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. तेव्हा अशी वस्तू ‘चुकीची वस्तू’ म्हणून परत करायला संकोच कशाला?

आता हिशेब. यादी ६०० रुपयांची होती आणि कूपनने ६० रुपये सुटले होते. साबुदाणा ८० रुपयांचा. परत आले ७२. पैसे कापले असं वाटतं, पण सूट सगळ्या वस्तूंवर वाटली, तर साबुदाण्याच्या वाट्याची ८ रुपयांची सूटही त्याच्याबरोबर जाते. त्याहून जास्त कापलं असेल तर विचारावं.

पिशवी दारात आल्यावर तपासायचं ते वेगळंच. रद्द झालेली वस्तू बिलातून वजा झालेली असते. खरी गफलत होते ती बिलात असून पिशवीत नसलेल्या वस्तूची. दही फ्रीजमधलं, त्यामुळे ते बहुधा वेगळ्या पिशवीत भरलं जातं, आणि तीच पिशवी पॅकिंगच्या टेबलावर राहून जाते. म्हणून आधी पिशव्या मोजाव्यात, मग बिल वाचत वस्तू. काही कमी असेल, तर सगळं ओट्यावर मांडून बिलासकट फोटो काढावा आणि ॲपवर लगेच तक्रार नोंदवावी. उशीर झाला की तक्रारीचं बटणच दिसेनासं होऊ शकतं. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दह्याचे चाळीस रुपये असे परत मिळतात. दह्यासाठी मात्र कोपऱ्यावरची डेअरी बंद व्हायच्या आत कुणीतरी चप्पल घालून निघालेलं असतं.