कपाट कुठे अडकतं, ते सुताराला लिहा

‘कपाट घट्ट झालंय, दुरुस्तीला किती घ्याल?’ एवढ्या निरोपावर जाणता सुतार आकडा सांगत नाही. जो सांगतो, त्याचा आकडा कपाट पाहिल्यावर बदलतो. त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. बिजागरी सुटली, लाकूड फुगलं किंवा चौकट वाकडी झाली, तरी आपल्याला दार ‘अडकलेलं’च दिसतं, दुरुस्ती मात्र तिन्हीची वेगळी आणि खर्चही वेगळा. म्हणून पत्रात दार अडकतं हे लिहून भागत नाही. ते नेमकं कुठे आणि कधी अडकतं, हे लिहावं लागतं.

‘कुठे’ हे शोधायला खडू पुरतो. दाराच्या कडेला खडू फासायचा, दार लावून उघडायचं आणि चौकटीवर खडू कुठे उमटला ते पाहायचं. मोजायला साधा टेप घ्यावा. सुतार फूट, इंच आणि सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3 मिलिमीटर.

एका जुन्या सागवानी कपाटासाठी असं पत्र लिहिता येईल:

‘नमस्कार. घरी सागवानी कपाट आहे. उंची 6 फूट, रुंदी साडेतीन फूट, खोली 20 इंच. दोन दारं, खाली शेजारी शेजारी दोन ड्रॉवर. उजवं दार बारा महिने अडकतं. मुठीकडचा खालचा कोपरा चौकटीवर घासतो, तिथलं पॉलिश उडालंय. दोन दारांमधली फट वर पार मिटलीय, खाली दीड सूत आहे. दार मुठीकडून किंचित उचललं की नीट लागतं. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसतेच फिरतात. डावा ड्रॉवर पावसाळ्यात घट्ट होतो, दिवाळीनंतर सुटतो. खुणा फक्त वरच्या कडेला आहेत. उजवा ड्रॉवर रिकामा असला तरी ओढताना तिरका होतो. त्याला चॅनेल नाहीत, तो लाकडी पट्ट्यांवर चालतो आणि डाव्या पट्टीला खोल खाच पडली आहे. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, सारखे आहेत. फोटो सोबत पाठवतो.’

हे वाचून सुताराला जागेवर न येताही बरंच कळतं. उचललं की दार लागतं, म्हणजे दार फुगलेलं नाही, ओघळलंय. स्क्रूची भोकं सैल झालीत. त्यांत लाकडाची खुंटी सरसाने बसवून नवे स्क्रू घालायचे. अशा दाराचा घासणारा कोपरा कुणी रंधून दिला, तर दार लागेल, पण पुढे बिजागरी नीट केल्यावर तिथे कायमची फट दिसेल. उजव्या ड्रॉवरची पट्टी बदलायची, तेवढंच.

डाव्या ड्रॉवरचा मामला हवेचा आहे. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. ड्रॉवरच्या दर्शनी फळीचे रेषे आडवे जातात, म्हणून ती उंचीला वाढते. 8 इंची सागवानी फळी ऐन पावसात दीडेक मिलिमीटर, म्हणजे अर्धा सूत वाढू शकते. घट्ट बसवलेल्या ड्रॉवरला तेवढं पुरतं. बहुतेक ड्रॉवरना पॉलिश फक्त पुढून असतं आणि कोऱ्या कडांमधून दमटपणा आत शिरतो. त्यामुळे रंधल्यावर त्या कडाही पॉलिशने बंद करून मागाव्यात.

कर्ण सारखे नसतील, तर बिजागऱ्यांना हात लावण्याआधी जमीन तपासा. फरशीच्या उताराने कपाट पिळलं जातं आणि कधी एका पायाखाली पाचर दिली की दारं आपोआप सुटतात. कपाट भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं असेल तर तेही स्पष्ट लिहा. तो बोर्ड पाण्याने फुगला की वाळूनही पूर्ववत होत नाही. फळीच बदलावी लागते.

पैशांची बाब पत्राच्या शेवटी, पण मोघम नको. मजुरी आणि सामान वेगळं लिहून मागा. पॉलिशचा कारागीर बरेचदा निराळा असतो, तेव्हा पॉलिश धरलंय का ते विचारा. काम घरी होईल की कारखान्यात, आणि ने-आणीचा खर्च कुणाचा, हेही विचारा. ‘काम सुरू झाल्यावर वाळवी निघाली किंवा काम वाढलं, तर आधी कळवा, मग पुढे जा,’ हे एक वाक्य नक्की घाला. भांडणं बहुधा इथेच होतात.

फुगलेल्या ड्रॉवरचा अंदाज पावसाळ्यात मागवा, पण रंधा तेव्हा मारू देऊ नका. भर पावसात मनासारखा सैल केलेला ड्रॉवर मार्चमध्ये खुळखुळतो. घासल्याच्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, तेवढीच जागा रंधून घ्या.