दोन पांढऱ्या टाक्या : मोटारीच्या बॉनेटखालील भागांची ओळख

मोटारीचे बॉनेट उघडून घेतलेले छायाचित्र प्रथम पाहणाऱ्यास नळ्या, तारा व डबे यांचा गुंता दिसतो. असे छायाचित्र हाती आले की बहुतेक लोक रंग व आकार यांवरून भागांची नावे ठरवू लागतात. परंतु रंग फसवितो आणि आकारही फसवितो. कोणताही भाग खात्रीने ओळखावयाचा असेल, तर त्याला जोडलेली नळी किंवा तार कोठून निघते व कोठे जाते, हे पाहावे लागते. ही गोष्ट एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

अशी कल्पना करा की, एक कुटुंब उन्हाळ्यात आपल्या लहान मोटारीने भोपाळहून पचमढीस जाण्यास निघणार आहे. वाटेत चढाचा घाट आहे. निघण्यापूर्वी, सकाळी इंजिन थंड असताना, मुलगा बॉनेट उघडून समोरून एक छायाचित्र घेतो आणि ते यंत्रांची माहिती असलेल्या मामांकडे पाठवून विचारतो, “मामा, कूलंटची टाकी ही निळ्या पाण्याची ना? ती तर काठोकाठ भरलेली आहे.”

मामा प्रथम छायाचित्राच्या दिशा ठरवितात. छायाचित्र समोरून घेतलेले असल्यामुळे त्याची खालची कड म्हणजे मोटारीचे नाक होय. तेथे जाळीदार रेडिएटर असतो. वरची कड म्हणजे समोरच्या काचेखालील पत्र्याची भिंत. डावी-उजवी बाजू मात्र उलट होते. भारतात चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याच्या समोरचे भाग अशा छायाचित्रात डावीकडे दिसतात. अमेरिकेतील पुस्तकांत चालक डाव्या बाजूस असल्याने तेच भाग चित्रात उजवीकडे येतात. तेथील चित्र पाहून येथील मोटारीतील भाग शोधणाऱ्याची गफलत होते, ती यामुळेच.

चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, एका धातूच्या नळकांड्यावर लहान पिवळसर डबी बसविलेली आहे. तिच्यामागे एक मोठी काळी चकती दिसते. चालकाच्या पायाखालचा ब्रेक याच नळकांड्यास ढकलतो. म्हणजे ही ब्रेकच्या द्रवाची डबी होय. तिच्यात पाणी किंवा इंजिनाचे तेल कधीही घालू नये. पाणी मिसळल्यास ब्रेक तापताच द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेक निकामी ठरू शकतो. तेलाने आतील रबरी कड्या फुगून बिघडतात.

आता त्या निळ्या पाण्याच्या टाकीकडे वळू. तिचे तोंड रुंद असून त्यावर उचलून उघडावयाचे साधे झाकण आहे. झाकणावर काच व तिच्यावर उडणारे कारंजे यांचे चिन्ह आहे. टाकीच्या तळाशी एक छोटी मोटर असून तेथून निघालेली बारीक नळी बॉनेटच्या दिशेने वर गेली आहे. रेडिएटरशी हिचा काहीच संबंध नाही. अर्थात ही काच धुण्याच्या पाण्याची टाकी आहे. ती काठोकाठ भरलेली असली तरी इंजिन थंड राहण्यास तिचा काडीइतकाही उपयोग नाही.

मग कूलंटची टाकी कोणती? चित्राच्या खालच्या भागात, रेडिएटरच्या शेजारी, दुसरी पांढरी टाकी अर्धवट झाकलेली दिसते. तिच्या झाकणातून एक नळी निघून रेडिएटरच्या तोंडापाशी पोहोचते, आणि तिच्या अंगावर दोन आडव्या रेघा आहेत. इंजिन तापले की कूलंट प्रसरण पावतो व जास्तीचा भाग या नळीने टाकीत येतो. इंजिन निवले की तोच द्रव परत ओढला जातो. म्हणून पातळी थंड इंजिनावरच पाहावयाची असते आणि ती दोन रेघांच्या दरम्यान असली पाहिजे. छायाचित्रातील ही टाकी रिकामी होती. टाकी रिकामी असेल तर इंजिन निवताना द्रवाऐवजी हवा आत ओढली जाते. ज्या मोटारीत शंका नव्हती, तीच घाटात तापली असती.

मामांनी उत्तर कळविले : इंजिन थंड आहे तोवर रेडिएटरचे झाकण उघडून आतील पातळीही पाहा, योग्य कूलंट भरा आणि काही दिवसांत पातळी पुन्हा उतरली तर गळती शोधा. “थंड आहे तोवर” हे शब्द त्यांनी मुद्दाम घातले. बंद रेडिएटरमध्ये दाब सुमारे एक वातावरण अधिक ठेवलेला असतो, आणि त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडल्यास दाब एकाएकी उतरतो, द्रवाची क्षणात वाफ होते व ती हाता-तोंडावर उसळते. काही मोटारींत टाकी स्वतःच दाबाखाली असते. तिचे झाकणही तापलेले असताना उघडू नये.

चित्राच्या मध्यभागी इंजिनाच्या अंगातून वर आलेली एक पिवळी कडी दिसते. ही डिपस्टिक, म्हणजे तेल मोजण्याची पट्टी. तिची नळी इंजिनाच्या तळाशी तेल साठविणाऱ्या भागात उतरते, यावरून ती ओळखावी. मोटार सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे, पट्टी काढून पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. तेलाचा ठसा दोन खुणांच्या मध्ये यावयास हवा. पहिल्या वेळी काढलेल्या पट्टीवर तेल वरपर्यंत माखलेले असते. त्यावर विसंबू नये.

एका बाजूस असलेली चौकोनी पेटी म्हणजे बॅटरी. तिच्यात सहा घरे असून प्रत्येक घर सुमारे २ व्होल्ट देते, म्हणून एकूण १२ व्होल्ट होतात. तिच्या दोन शिशाच्या खुंट्यांपैकी धन खुंटी किंचित जाड असते व तिच्यावर बहुधा लाल टोपण असते. ऋण खुंटीची तार मोटारीच्या पत्र्यास जोडलेली दिसते. बॅटरी काढताना ऋण तार प्रथम सोडवावी. धन तार आधी सोडविताना पाना पत्र्यास लागला, तर मोठी ठिणगी उडते.

छायाचित्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. तेल किती जुने आहे किंवा बॅटरीत विद्युत किती उरली आहे, हे त्यात दिसत नाही. काही मोटारींत बॅटरी मागील सामानाच्या जागेत असते, आणि अनेक मोटारींत प्लास्टिकचे आवरण अर्धे भाग झाकून टाकते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत जाड नारिंगी तारा दिसल्यास त्यांस हात लावू नये. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. अशा वेळी मोटारीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेतील आकृती शेजारी ठेवावी आणि छायाचित्रातील प्रत्येक नळी टोकापर्यंत शोधावी. टोक सापडले की भागाचे नाव सापडते.