पोर्ट फॉरवर्डिंग करूनही गोठ्यातला कॅमेरा बाहेरून दिसेना? आधी राऊटरचा आयपी बघा

गोठ्यावर कॅमेरे बसवले, डीव्हीआर राऊटरला जोडला. घरच्या वायफायवर चित्र स्वच्छ. तालुक्याला गेल्यावर मोबाईलवर मात्र काहीच दिसत नाही. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून झालं, डीव्हीआरही बदलून झाला, तरी तेच. अशा वेळी दोष बहुतेकदा कॅमेऱ्यात नसतो, कनेक्शनमध्ये असतो.

इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला पत्ता लागतो, त्याला आयपी म्हणतात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटीच. ते पुरत नाहीत म्हणून अनेक कंपन्या एकाच पब्लिक पत्त्यामागे बरीच गिऱ्हाईकं बसवतात. यालाच सीजीनॅट म्हणतात. चाळीला टपालपेटी एकच आणि पत्रावर खोली नंबर नाही, तसला प्रकार. तुम्ही आतून व्हिडिओ मागवला की तो कुणी मागवला याची नोंद कंपनीच्या यंत्राकडे राहते, म्हणून यूट्यूब व्यवस्थित चालतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर त्याला कोणत्या घरी पाठवायचं हे त्या यंत्राला कळत नाही आणि ते त्याला तिथंच थांबवतं. तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग तुमच्या राऊटरात आहे, आणि मागणी तिथवर पोचतच नाही.

ओळखायचं कसं? राऊटरच्या पानावर WAN IP बघा. मग त्याच वायफायवरून गुगलवर what is my ip शोधा. समजा राऊटरमध्ये 100.72.14.9 आहे आणि बाहेर 103 ने सुरू होणारा वेगळाच आकडा येतो, तर सीजीनॅट आहे. 100.64 ते 100.127 हे पत्ते याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. काही कंपन्या 10 ने सुरू होणारेही देतात. WAN वर 192.168 दिसलं, तर आधी घरात फायबरचा डबा आणि राऊटर असे दोन राऊटर एकामागे एक लागलेत का ते तपासा. ती भानगड घरातच सुटते.

सीजीनॅट निघालं तर ऑपरेटरला ‘नेट स्लो आहे’ सांगून उपयोग नाही. थेट म्हणा, “माझं कनेक्शन सीजीनॅटवर आहे, मला स्टॅटिक पब्लिक आयपी पाहिजे. महिन्याला की वर्षाला, किती पैसे?” लेखी किंवा व्हॉट्सॲपवर मागा. सिमवर चालणाऱ्या राऊटरला घरगुती प्लॅनमध्ये तो सहसा मिळत नाही.

आयपी मिळाला की राऊटर बंद-चालू करून दोन्ही आकडे जुळतात का बघा. तपासणी वायफाय बंद करून मोबाईल डेटावरूनच करा. आणि त्याआधी डीव्हीआरचा कंपनीकडून आलेला पासवर्ड बदला, कारण आता तो जगातल्या कुणालाही ठोठावता येतो. लागणारा पोर्ट तेवढाच उघडा.

फक्त कॅमेरे बघायचे असतील तर पैसे घालवण्याआधी डीव्हीआरमध्ये P2P किंवा क्लाऊड सोय आहे का बघा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही.