यादीतले तीन ‘नाही’

(बी. ए. भाग २)

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शिवारातून समृद्धी महामार्ग गेला आणि त्यात आमची काही जमीन गेली. २०१८ साली बाबांना तिचा मोबदला मिळाला. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, ती म्हणजे गाडी न घेता बहुतेक पैसा बँकेत मुदत ठेवीत ठेवला. राहिलेल्या रानात सोयाबीन आणि तूर होते, घर त्यावर चालते. ठेव तशीच राहिली.

मी बारावी झाल्यावर एक दिवस ठेवीचा उतारा वाचत बसले होते. आमच्या घरात असले कागद वाचणारी मी पहिलीच. त्यात ‘टी. डी. एस.’ अशी नोंद दरवर्षी दिसली आणि समोर काही हजारांची वजावट. बाबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “अवं माय, बँकेचं काही असंल ते. आपल्याले तं अजून व्याजच भेटलं नाई.”

तेथूनच मला हा विषय कळू लागला. आमची ठेव मुदतअखेर व्याज देणारी आहे. व्याज हातात पडत नाही, मुद्दलात मिळत जाते. पण बँक ते दरवर्षी आपल्या वहीत बाबांच्या नावे जमा दाखवते आणि ठराविक रकमेच्या पुढे गेले की दहा टक्के कापून सरकारात भरते. गावच्या शेतजमिनीच्या मोबदल्यावर आम्हाला कर नव्हता, पण त्या पैशाच्या व्याजावर कर लागू होतो. बाबांचे एकूण करपात्र उत्पन्न करमर्यादेच्या आत असल्याने कापलेली सगळी रक्कम परत मिळण्यासारखी होती. मात्र ती आपोआप येत नाही, विवरणपत्र भरून मागावी लागते. २०१८ पासून पाच वर्षे आम्ही ते भरलेच नव्हते. मुदत गेलेल्या वर्षांसाठी उशीर माफ करावा असा वेगळा अर्ज करता येतो, पण ते लांबणारे प्रकरण आहे. पुढची वर्षे तरी बुडू नयेत, एवढे आमच्या हातात होते.

म्हणून जुलै २०२४ मध्ये मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका करसल्लागारांकडे कागद पाठवले. आम्ही त्यांना वकीलसाहेब म्हणतो. मोबाईलवर एकामागून एक एकतीस फोटो पाठवले. काही आडवे, काही अर्धे कापलेले, पासबुकाचे एकच पान दोनदा. विवरणपत्र गेले. डिसेंबरात प्राप्तिकर खात्याचा संदेश आला की तुमच्या नावे नोंदलेले व्याज आणि तुम्ही दाखवलेले व्याज जुळत नाही. बाबांची दुसऱ्या एका बँकेत छोटी ठेव होती, तिचा कागद मी पाठवलाच नव्हता. ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरून ते निस्तरले. तेव्हा वकीलसाहेब मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “ताई, तुम्ही काय पाठवलं ते मला दिसतं. काय पाठवलं नाही ते मला कसं दिसणार?”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. २०२५ साली कागद पाठवताना मी आधी यादी केली. ती कशी केली तेच येथे सांगायचे आहे, कारण मोबदल्याच्या ठेवी आणि हाच घोळ आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे.

पहिली गोष्ट वेळेची. मार्च संपला की लगेच कागद गोळा करायचा मोह होतो. पण जानेवारी ते मार्च या तिमाहीत कापलेल्या कराचा हिशेब बँका मेअखेरपर्यंत सरकारला देतात. त्यामुळे प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचे दोन उतारे जूनच्या मध्यानंतर काढले तरच पूर्ण असतात. त्यातला एक ‘२६ एएस’. त्यात मुख्यतः कापलेला कर दिसतो. दुसरा ‘एआयएस’, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. त्यात कर कापला नसला तरी बँकांनी कळवलेले व्याज दिसते. आमची दुसऱ्या बँकेतली ठेव पहिल्या उताऱ्यात नव्हती, कारण तिचे व्याज थोडे म्हणून कर कापलाच नव्हता. दुसऱ्या उताऱ्यात मात्र ती होती. मी एकच उतारा पाहिला आणि तिथेच फसले.

दुसरी गोष्ट वर्षाची. बँकेत ‘मागच्या वर्षाचा व्याजाचा दाखला द्या’ असे म्हटले तर कोणते वर्ष हे ज्याचे त्याने समजायचे. मी कागदावर लिहून नेले : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. हेच आर्थिक वर्ष २०२४-२५, आणि त्याचेच करनिर्धारण वर्ष २०२५-२६. या दोन नावांच्या गोंधळात चुकीच्या वर्षाचा दाखला हातात पडतो. दाखला घेतल्यावर खिडकीपाशीच तारखा वाचाव्यात.

आता यादी. डावीकडे अनुक्रमांक आणि कागदाचे नाव, मधे स्थिती, उजवीकडे शेरा. प्रत्येक फाईलला यादीतलाच क्रमांक दिला, म्हणजे यादीतला ४ म्हणजे चौथी फाईल. जे आहे त्यापुढे ‘आहे’ लिहिणे सोपे होते. अडले ते ‘नाही’पाशी. पहिल्या खर्ड्यात मी चार ठिकाणी नुसते ‘नाही’ लिहिले होते. वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले की चारही ‘नाही’ सारखे नाहीत. म्हणून मी त्यांचे तीन प्रकार केले.

एक, ‘लागू नाही’. पगार, घरभाडे, शेअर्स यांतले आमच्याकडे काहीच नाही. हे लिहिले नाही तर सल्लागाराला प्रत्येकाबद्दल विचारावे लागते, किंवा ते गृहीत धरावे लागते.

दोन, ‘आहे, पण मिळायचे आहे’. येथे नुसते एवढे लिहून चालत नाही. कोण आणणार आणि केव्हा, हे शेऱ्यात हवे. सोयाबीनच्या विक्रीच्या तीन पट्ट्यांपैकी एक सापडत नव्हती. मी लिहिले, ‘तिसरी पट्टी अडत्याकडून बाबा आणतील, शुक्रवारपर्यंत. अंदाजे रक्कम वहीत आहे.’ शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, मग पट्ट्या कशाला, असे बाबांनी विचारले होते. कारण साधे आहे. शेतीचे उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर सर्वांत सोपा ‘आयटीआर-१’ हा फॉर्म चालत नाही, आम्हाला ‘आयटीआर-२’ भरावा लागतो. फॉर्म कोणता, हेच त्या आकड्यावर ठरते.

तीन, ‘माहीत नाही’. हे लिहायला मला लाज वाटत होती. वकीलसाहेबांना वाटेल, कॉलेजात जाते आणि घरचे माहीत नाही. पण सर्वांत कामाचे तेच निघाले. आईच्या नावे पतसंस्थेत एक ठेव होती. ती बाबांच्या विवरणपत्रात येते की नाही, मला कळत नव्हते. बाबांच्या नावच्या दोन्ही उताऱ्यांत ती नव्हती, त्यामुळे ती गाळली असती तरी यादी पूर्णच दिसली असती. मी लिहिले, ‘आईच्या नावे ठेव, व्याज चोवीस हजार. हे येथे धरायचे का, माहीत नाही.’

वकीलसाहेबांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, “पैसा कोणाचा?” पैसा मोबदल्यातलाच होता, बाबांनी आईच्या नावे ठेवलेला. तेव्हा त्यांनी समजावले की नवऱ्याने आपला पैसा काही मोबदला न घेता बायकोच्या नावे ठेवला, तर त्यावरचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. ठेव आईची, पण व्याज बाबांच्या हिशेबात. आईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “नाव मायं अन् हिशेब त्याहीचा!” ती हसली, पण मला ते थोडे लागले.

आमचा त्या वर्षाचा हिशेब असा झाला. मोठ्या ठेवीचे व्याज १,२६,००० रुपये, त्यावर कापलेला कर १२,६००. दुसऱ्या बँकेचे व्याज १७,४००. आईच्या ठेवीचे २४,०००. बचत खात्याचे २,१५०. एकूण १,६९,५५०. नव्या करपद्धतीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता. इतर उत्पन्न या मर्यादेच्या आत असल्याने शेतीचे उत्पन्न दर ठरवण्यासाठी त्यात मिळवण्याचाही प्रश्न आला नाही. कर शून्य, आणि १२,६०० रुपये परत. आईचे चोवीस हजार धरूनही कर शून्यच राहिला. म्हणजे ते लपवून काही वाचणार नव्हते आणि सांगून काही जाणार नव्हते. पण ठेवी वाढल्या आणि एकूण मर्यादेपुढे गेले, तर हीच ओळ गाळणे महागात पडेल.

यादीच्या शेवटी आणखी दोन ओळी मी मुद्दाम घातल्या. परतावा ज्या खात्यात हवा ते खाते संकेतस्थळावर पडताळलेले आहे का, ही एक. खात्यावरचे आणि पॅनवरचे नाव वेगळे असेल तर पडताळणी अडते आणि परतावा थांबतो. बाबांच्या पासबुकात मधले नाव आद्याक्षराने होते, ते आधीच दुरुस्त करून घेतले. दुसरी ओळ, आधारला जोडलेला मोबाईल कोणाकडे आहे. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आणि आधारवरून करायची तर त्या मोबाईलवर येणारा आकडा लागतो. तो फोन बाबांबरोबर रानात असतो. म्हणून शेऱ्यात लिहिले, ‘संध्याकाळी सातनंतर.’

त्या वर्षीची मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली, पण आमचे विवरणपत्र जुलैतच गेले. वकीलसाहेबांचा फोन फक्त दोनदा आला : एकदा आईच्या ठेवीसाठी आणि एकदा सातनंतर.

एक मर्यादा सांगून थांबते. येथे दिलेले आकडे आणि फॉर्मची नावे २०२४-२५ या वर्षाची आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात, म्हणून ती तशीच उतरवून घेऊ नयेत. यादी मात्र मी जपून ठेवली आहे. परताव्याचे पैसे जमा झाले त्या दिवशी बाबांनी ती मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग पेन मागून तळाशी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली : ‘विहिरीच्या अनुदानाचे पैसे. माहीत नाही.’