न जाणवणारा झटका

डिसेंबरात विदर्भातली हवा कोरडी पडली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. अंगावर साठलेला हा विद्युतभार साधारण ३००० व्होल्टच्या पुढे गेला तरच माणसाला झटका जाणवतो. संगणकातल्या काही नाजूक चिपना मात्र शंभर-दोनशे व्होल्टही पुरतात. म्हणजे काहीच जाणवले नाही, तरी नुकसान झालेले असू शकते.

समजा, डेस्कटॉपचा पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि बीप ऐकू येतात. अशा वेळी बरेचदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. आधी वायर प्लगमधून काढावी आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला भार निघून जातो. कॅबिनेट उघडल्यावर त्याच्या रंग न दिलेल्या धातूला उघड्या हाताने स्पर्श करावा. त्यामुळे शरीर आणि कॅबिनेट यांच्यातला विद्युतदाबाचा फरक मिटतो. मध्येच उठून चालून आल्यास भार पुन्हा साठतो, म्हणून परतल्यावर पुन्हा स्पर्श हवाच.

पट्टी कडांनी धरावी, सोनेरी टोकांना बोट लावू नये. खाच जुळवून दोन्ही टोके दाबली की क्लिप ‘खट्’ करून बसते. केबल काढताना वायर न ओढता कनेक्टर धरावा.

लॅपटॉपमध्ये चार्जर काढला तरी बॅटरी बोर्डाला वीज देतच असते. तिचा कनेक्टर आधी सोडवावा. काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच पक्की जोडलेली असते, तिथे हा उपाय नाही.

झटक्याने अर्धवट दुखावलेली चिप कधी आठवड्यांनी दगा देते. नंतर संगणक अधूनमधून बंद पडू लागला, तर विंडोजमधल्या `mdsched.exe` ने मेमरी तपासता येते.