मोडीतली गाडी आणि शिरोलीची भट्टी

मोडीत काढलेल्या गाडीचे पुढे काय होते, याचा कोल्हापुरात माग काढला की वाट फौंड्रीपाशी येते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या इंडक्शन भट्ट्यांना ओतीव लोखंड करायला पोलादी भंगार लागते. म्हणून गाडी नीट मोडली की नाही, याचा खरा हिशेब भट्टीवाल्याला द्यावा लागतो.

नोंदणीकृत केंद्रात आधी बॅटरी सुटते. मग गाडी उंचावर घेऊन पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट वेगवेगळ्या भांड्यांत काढतात. एसीचा वायू यंत्राने ओढून घेतात. दारे, गिअरबॉक्स, दिवे असे चालू भाग विक्रीला निघतात. जुन्या बाजारात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फक्त तेल तिथे मातीत मुरायचे.

या घाईत शॉकअॅब्सॉर्बर हमखास विसरला जातो. तो बंद नळकांडे असतो, आत तेल आणि बहुधा दाबाखालचा वायू. तो तसाच सुमारे १५०० अंशांच्या रसात पडला, तर आतला दाब वाढून फुटतो आणि रस भट्टीबाहेर उडतो. म्हणून त्याला आधीच भोक पाडून रिकामा करायचा. गाडीतली गॅसची टाकी आणि न फुटलेली एअरबॅग यांचाही धोका तोच.

दुसरा शत्रू गुपचूप येतो, तांबे. श्रेडरचे हातोडे सांगाड्याचे तुकडे करतात आणि चुंबक लोखंड वेचतो. सुटी तार मागे राहते; पण स्टार्टरच्या आर्मेचरमध्ये तांबे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले असते. चुंबक गाभा उचलतो आणि तांबेही सोबत जाते. म्हणून स्टार्टर, अल्टरनेटर आणि वायरिंग हातानेच, श्रेडरच्या आधी काढावे लागते. माझ्या मते सगळ्या कामात हाच भाग सर्वांत कमी मोबदल्याचा आणि सर्वांत मोलाचा.

समजा, ५०० किलोच्या घाण्यात असे दीड किलो तांबे गेले, म्हणजे ०.३ टक्के. ते जाळून काढता येत नाही; तांब्याआधी लोखंडच जळते. करड्या बिडाला याने फारसे बिघडत नाही, उलट कडकपणासाठी काही जण तांबे मुद्दाम घालतात. पण एसजी ४००/१५ या लवचीक जातीत १५ टक्के ताण सोसायची अट असते. तांब्याने पर्लाइट वाढतो, नग कडक होतो आणि ताणचाचणीत आधीच तुटतो. नुसत्या डोळ्यांनी यातले काही दिसत नाही. ओतण्यापूर्वी रसाचे नाणे ओतून स्पेक्ट्रोमीटरवर तपासले, तरच कळते. तेव्हाही उपाय एकच: रस थोडा काढून त्यात स्वच्छ पत्र्याचे भंगार मिसळायचे, किंवा तो घाणा करड्या बिडाच्या कामाला वळवायचा.