तांबड्या प्रकाशात मावलेले आठ माइक

आठ माइकचा एक्स्पांडर चालू करा, त्याच्या मागच्या ऑप्टिकल आउटमध्ये केबल खोचा आणि दुसरं टोक तळहातावर धरा. हातावर एक तांबडा ठिपका उमटेल. काहीच हलत नाही, स्थिर दिवा असावा तसा तो दिसतो. पण आठही माइकचा आवाज त्या ठिपक्यातून वाहत असतो, दर सेकंदाला १ कोटी २२ लाख ८८ हजार बिटांच्या वेगानं.

ही पद्धत अलेसिस कंपनीची. १९९१ मध्ये तिनं व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक ध्वनिमुद्रित करणारं एडॅट नावाचं यंत्र जाहीर केलं. ते यंत्र केव्हाच मागे पडलं, पण त्याची प्रकाशाची भाषा आजही जवळजवळ प्रत्येक मोठ्या ऑडिओ इंटरफेसला कळते.

त्या भाषेची रचना थक्क करणारी आहे. ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक माइकचं दर सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप होतं. एका वेळची आठ मोजमापं, प्रत्येकी २४ बिटांची, २५६ बिटांच्या एका चौकटीत बसतात. यात 1 म्हणजे प्रकाशाची स्थिती बदलणं आणि 0 म्हणजे ती आहे तशीच राहणं. दर चार बिटांनंतर एक 1 मुद्दाम घातलेला असतो. त्यामुळे आवाज पूर्ण थांबला तरी प्रकाश बदलत राहतो आणि पलीकडच्या यंत्राला त्या बदलांवरूनच ताल कळतो. चौकट कुठे सुरू होते हे कळायला सलग दहा 0 असतात. मधल्या 1 मुळे आवाजाच्या बिटांत अशी दहाची रांग कधीच लागू शकत नाही. म्हणजे त्याच प्रकाशातून आवाजाबरोबर घड्याळही जातं.

सगळी मांडणी या घड्याळाभोवतीच फिरते. इंटरफेसमध्ये एक क्रिस्टल आणि एक्स्पांडरमध्ये दुसरा. दोघंही ४८,००० मोजतात, पण अगदी सारखं नाही. त्यांच्यात दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तर सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल जास्त किंवा कमी पडतं आणि तेवढ्यानंच ‘टक्’ ऐकू येतं. म्हणून घड्याळ एकाचंच चालायला हवं, दुसऱ्यानं त्याच्यामागे जायचं.

बेहरिंगर एडीए८२०० आणि फोकसराइट स्कार्लेट १८आय२० ही जोडी घेऊ. एक्स्पांडरच्या आउटमधून इंटरफेसच्या इनमध्ये एक केबल गेली की आवाज पोहोचला. आता एक्स्पांडर मास्टर ठेवून त्यावर ४८ निवडायचं. इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये `Clock Source` हे `ADAT` करायचं आणि प्रकल्पाचा सॅम्पल रेटही ४८ च ठेवायचा. `Locked` दिसलं की दोघांची मोजणी जुळली. मला मात्र दुसरी केबल उलट दिशेनं जोडून इंटरफेसला `Internal` आणि एक्स्पांडरला एडॅट इनवर ठेवणं जास्त आवडतं. मग प्रकल्पाचा रेट ४४.१ केला तरी एक्स्पांडर आपोआप मागे येतो. दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळावर राहिली तर आवाज येतो, मीटरही हलतात, पण अधूनमधून टकटक होते. घड्याळ बिघडल्याची हीच खूण. अनेक जण मात्र ती केबलच्या माथी मारतात.

तांबडा ठिपका दिसतो पण आवाज नाही, असंही होतं. तसंच भोक एसपीडिफसाठीही वापरतात आणि त्यातून दोनच चॅनल जातात. म्हणून सेटिंगमध्ये ऑप्टिकल इनपुट एडॅटवरच आहे ना, हे पाहावं. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरकडे वळायचं. १८आय२० मध्ये १ ते ८ स्वतःचे माइक, ९-१० एसपीडिफ, आणि एक्स्पांडरचा पहिला माइक ११ वर येतो. ९ वर शोधत बसलं तर तो सापडणार नाही. त्याचा गेन एक्स्पांडरवरच्या खुंटीनं वाढवायचा, कारण तिथंच आवाजाचे आकडे होतात.

आकडे करायला प्रत्येक यंत्राला किंचित वेळ लागतो आणि दोघांचा वेळ सारखा असतोच असं नाही. अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक म्हणजे माइक सतरा सेंटीमीटर मागे सरकवल्यासारखा. त्यामुळे पखवाजाच्या दोन्ही पुड्यांचे माइक एकाच यंत्रात लावावेत. एक इंटरफेसवर आणि दुसरा एक्स्पांडरवर लावला तर खर्जाची भरदार थाप पोकळ वाटू शकते.

प्रकाशातून जाणाऱ्या बिटांचा वेग ठरलेला असल्यामुळे ९६ किलोहर्ट्झला एका केबलमधून आठांऐवजी चारच चॅनल जातात. आठ हवे असतील तर दोन केबल लागतात, आणि दोन्ही यंत्रांना ती सोय असावी लागते. एडीए८२०० ला ती नाही, ते ४८ पर्यंतच जातं. भजनाचा पूर्ण संच ध्वनिमुद्रित करायचा असेल तर मी ४८ आणि आठही माइक यांचीच निवड करेन.